कानातला बिल्ला, डेअरीचा कोड आणि बँकेचे पासबुक

गेल्या काही अंकांत डोंगरावरच्या वाड्यांची छायाचित्रे छापली, त्यात गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो. तो कशासाठी आणि आपले कार्यकर्ते त्यावरचे आकडे वहीत का उतरवून घेतात, असे मंडळीतल्या बऱ्याच जणांनी विचारले. उत्तर दोन वाक्यांत देता येते, पण तेवढ्याने काम कळत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे काम मुख्यतः शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी आणि भुदरगड या पश्चिमेकडच्या तालुक्यांतल्या धनगरवाड्यांवर चालते. सरकारी यादीत हा समाज भटक्या जमातींत मोडतो. सह्याद्रीच्या माथ्याला, रस्त्यापासून तास-दीड तास चालत जावे लागेल अशा ठिकाणी यांची घरे असतात. जमीन थोडी, तीही बहुधा वनाच्या हद्दीला लागून. घर चालते ते म्हशींवर आणि अलीकडे एखाद्या संकरित गाईवर.

बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक आणि त्याखाली बारकोड असतो. हा क्रमांक देशात दुसऱ्या कोणत्याही जनावराला मिळत नाही. म्हणून लोक त्याला ‘जनावराचे आधार कार्ड’ म्हणतात आणि ते बरोबरही आहे. २०१९ साली केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध देशभर लसीकरण हाती घेतले. कोणत्या जनावराला लस दिली आणि कोणत्या राहिले हे कळावे म्हणून बिल्ले मोठ्या प्रमाणावर बसले ते तेव्हापासून. आधी या नोंदी ‘इनाफ’ नावाच्या संगणक प्रणालीत होत. आता त्या ‘भारत पशुधन’ या प्रणालीत होतात.

बिल्ला बसवणे हे काम पशुवैद्यकीय दवाखान्याचे आहे. दवाखान्याचे कर्मचारी वाडीवर येतात तेव्हा जनावर दावणीला आखूड बांधून ठेवावे, कान स्वच्छ असावा, एवढेच घरच्यांनी बघायचे. बिल्ल्याचे दोन भाग असतात आणि खास पकडीने ते कानाच्या आरपार एकमेकांत बसवतात. जागा मात्र महत्त्वाची. कानाच्या मधोमध, दोन ठळक शिरांच्या मधल्या मऊ भागात तो बसला पाहिजे. कडेला बसला तर झुडपात अडकून कान फाटतो आणि बिल्ला जातो. शिरेवर बसला तर रक्त येते आणि जखम चिघळते.

आमच्याकडच्या पावसात जखमेची काळजी जास्त घ्यावी लागते. बिल्ला बसल्यानंतर आठ-दहा दिवस रोज कानाकडे बघा, असे आम्ही प्रत्येक घरी सांगतो. जनावर सारखे डोके झटकत असेल, कान गरम लागत असेल, बिल्ल्याभोवती सूज असेल किंवा वास येत असेल, तर माशी बसून अळ्या पडायला सुरुवात झालेली असू शकते. अशा वेळी बिल्ला ओढून काढायचा नाही, दवाखान्याला कळवायचे. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. रेंज मिळेल अशा टेकाडावर जाऊन तो लावावा लागतो, हा भाग वेगळा.

आता मुख्य गोष्ट. बिल्ला कानात असतो, पण त्याचा खरा उपयोग त्या क्रमांकापुढे काय लिहिले आहे यावर ठरतो. जनावराची जात, वय, वेत, गाभण की दुभते ही माहिती तिथे असते. शिवाय मालकाचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक असतो. हे मालकाचे नाव कुठून येते? बिल्ला बसला त्या दिवशी गोठ्यात जो उभा होता, त्याने जे सांगितले तिथून. सातबाऱ्याला जशी फेरफाराची पद्धत आहे तशी चौकशी इथे होत नाही. घरधनी कामाला गेले असतील तर म्हातारे सासरे स्वतःचे नाव सांगतात. मोबाइल शेजारच्या पोराचा देतात. लस टोचून घेण्यापुरते त्याने काही बिघडत नाही.

बिघडते ते पैसा त्या क्रमांकावरून येऊ लागतो तेव्हा.

२०२४ च्या सुरुवातीला गाईच्या दुधाचे दर पडले होते. राज्य सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केले. ते ११ जानेवारीपासून एक महिन्यासाठी होते, पुढे १० मार्चपर्यंत वाढवले. त्याच वर्षी १ जुलैपासून पुन्हा पाच रुपये आणि १ ऑक्टोबरपासून सात रुपये झाले. हे पैसे डेअरीच्या बिलातून येणार नव्हते, ते उत्पादकाच्या खात्यात थेट जमा व्हायचे होते. त्यासाठी गाईच्या कानात बिल्ला हवा आणि त्याची नोंद प्रणालीत हवी, दूध घालणाऱ्याचे नाव संस्थेच्या दप्तरी हवे, आणि दुधाचे पैसे रोख न देता त्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात गेलेले हवेत, अशा अटी होत्या. अनुदान फक्त गाईच्या दुधाला होते, म्हशीच्या नाही. आमच्या वाड्यांवर म्हशी जास्त, त्यामुळे रक्कम थोड्याच घरांपर्यंत जाणार हे दिसत होते. पण ज्यांच्या घरी गाय होती, त्यांच्यापैकीही अनेकांची नावे यादीत आली नाहीत. का आली नाहीत हे एका घरावरून सांगतो.

राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवर एक आक्का राहतात. नाव देत नाही. घरी दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. गाय २०२३ मध्ये पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारातून आणलेली, कानात बिल्ला असलेलीच. जुलैमध्ये गाय सकाळी चार आणि संध्याकाळी तीन, असे सात लिटर दूध देत होती. एकतीस दिवसांचे २१७ लिटर झाले. पाच रुपयांप्रमाणे १,०८५ रुपये व्हायला हवे होते. सरकी पेंडीचे एक पोते घ्यायलाही ही रक्कम उपयोगी पडते, म्हणून आक्का वाट बघत होत्या. पैसे आले नाहीत. त्यांचे म्हणणे साधे होते : “गाय माझी, बिल्ला हाय, दूध मी रोज घालतोय. मग माझं नाव कुठं गेलं?”

आम्ही तीन कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कळले. बिल्ल्याचा क्रमांक दवाखान्यात तपासला तर मालक म्हणून दुसऱ्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे नाव निघाले. गाय विकली गेली, पण नोंदीत ती अजून त्याच्याच गोठ्यात होती. डेअरीच्या पावत्या पाहिल्या तर त्यावरचा कोड आक्कांचा नव्हता, खालच्या गावातल्या एका ओळखीच्या सभासदाचा होता. वाडीवरचे दूध कित्येक वर्षे असेच त्याच्या कोडवर जात होते. तो दर दहा दिवसांनी बिल निघाले की रोख पैसे आणून देई, पेंडीचे पैसे कापून. माणूस वाईट नाही, हिशोबही बहुतेक वेळा बरोबर. आणि तिसरा कागद म्हणजे पासबुक. आक्कांचे जनधन खाते होते, पण त्यावर तीन वर्षांत एकही व्यवहार नव्हता.

म्हणजे गाय एकाच्या नावावर, दूध दुसऱ्याच्या आणि राबणारी तिसरीच. संस्थेने यादी भरताना सभासदाचे नाव, त्याचे खाते आणि बिल्ल्याचा क्रमांक एका ओळीत भरायचा होता. ही ओळ जुळणारच नव्हती. आणि समजा ती कशीबशी स्वीकारली गेली असती, तरी पैसे आक्कांच्या खात्यात जाण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्याच्या कोडवर दूध घालण्याची ही रीत डोंगरभागात जुनी आहे. आपल्या वाचकांना ती फसवणूक वाटेल. तसे नेहमी नसते. वाडीवरून रोज दोनदा खाली उतरणे जमत नाही, सभासद होताना भागाचे पैसे लागतात, कागद लागतात, आणि खालचा माणूस अडीनडीला उसने देतो. पण या रीतीत दूध उत्पादक म्हणून तुमचे नाव कुठेच उरत नाही. अनुदान तर जातेच, दिवाळीला मिळणारा दूध फरकही जातो. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, १९६३ साली स्थापन झाला. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था त्याच्या सभासद आणि उत्पादक त्या गावच्या संस्थेचा सभासद, अशी ही साखळी आहे. वर्षाचा हिशोब झाल्यावर फरकाची रक्कम ज्या कोडवर जितके दूध, त्या प्रमाणात येते. कोड दुसऱ्याचा असेल तर तीही दुसऱ्याच्या हातून येणार, किंवा येणार नाही.

दुरुस्तीला सुरुवात आम्ही गाईपासून केली, कारण ते सर्वांत सोपे होते. बाजारातून जनावर घेतले की बाजार समितीची पावती मिळते. आक्कांनी ती देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती. पावती, आक्कांचे आधार कार्ड आणि मोबाइल क्रमांक घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी जुन्या मालकाला फोन करून विक्रीची खात्री केली आणि मालकाचे नाव बदलले. तसेच गाय कधी व्याली, किती दूध देते हेही नीट करून घेतले. नोंदीत गाय भाकड आणि दुधाच्या यादीत सात लिटर, असे दिसले तर प्रश्न विचारला जाणारच. घरच्या म्हशींचे बिल्ले सासऱ्यांच्या नावावर होते. ते तसेच राहू द्यायचे की बदलायचे, हे आम्ही घरच्यांवर सोडले. त्यांनी एक म्हैस आक्कांच्या नावावर केली.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. बिल्ला पडला तर तो उचलून दुसऱ्या जनावराला लावता येत नाही. नवा बिल्ला नव्या क्रमांकाचा येतो आणि प्रणालीत जुन्या क्रमांकाच्या जागी तो चढवावा लागतो. हे न केल्यास तीच म्हैस कागदावर दोन म्हशी होऊन बसते. नवा क्रमांक डेअरीलाही कळवायचा. विमा काढलेला असेल तर विमा कंपनीलाही, कारण जनावर दगावल्यावर कानात नोंदलेला बिल्ला नसेल तर दावा मंजूर होत नाही. म्हणूनच आमचे कार्यकर्ते प्रत्येक घरातल्या प्रत्येक जनावराचा क्रमांक वहीत ठेवतात. कान फाटून बिल्ला ओढ्यात पडला, तरी वहीत तो असतो.

सभासदत्वाला जास्त दिवस लागले. अर्ज साधा असतो. त्यासोबत आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, फोटो, बँक पासबुकाची प्रत आणि भागाची रक्कम द्यायची. किती भाग घ्यायचे, वर्षात किमान किती दिवस आणि किती लिटर दूध घालायचे, हे त्या संस्थेच्या पोटनियमांत असते. म्हणून अर्जाआधी पोटनियम वाचून घ्यावेत. तिथल्या सचिवांनी आधी “सध्या नवे सभासद घेत नाही” असे सांगितले. असे तोंडी सांगणे सर्रास चालते आणि लोक तिथूनच परत फिरतात.

कायदा मात्र वेगळे सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ नुसार अर्ज नाकारला तर संस्थेने कारणासह लेखी कळवायचे असते. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळवले नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. कलम २३ म्हणते की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर निबंधकाकडे अपील आहे, आणि अर्ज घ्यायलाच नकार दिला तर तो निबंधकांमार्फत देता येतो. दूध संस्थांसाठी हे काम सहायक निबंधक, दुग्ध, यांच्या कार्यालयात चालते. या सगळ्याचा पाया एकच : अर्जाची पोच. तारीख आणि शिक्का असलेली पोच नसेल तर तीन महिने कधी सुरू झाले हेच सांगता येत नाही. आम्ही अर्जाच्या दोन प्रती केल्या, एक दिली आणि दुसरीवर शिक्का मागितला. शिक्का मारायला सचिव थोडे कुरकुरले, पण मारला. पुढच्या मासिक सभेत अर्ज मंजूर झाला. कलमाचे नाव काढावे लागले नाही. माझा अनुभव असा की दहापैकी आठ ठिकाणी पोच मागितली एवढ्यानेच काम पुढे सरकते.

ज्या सभासदाच्या कोडवर आतापर्यंत दूध जात होते, त्याच्याशी बोलणे हे यातले नाजूक काम. आक्कांच्या घरावर त्याची पेंडीची उधारी होती. तिचा हिशोब मांडून किती बिलांतून किती कापायचे हे दोघांनी कागदावर लिहून सह्या केल्या, आणि मगच कोड वेगळा केला. हे न करता कोड बदलला असता तर वाडीचे आणि गावाचे वैर झाले असते. उद्या रात्री म्हैस अडली तर दवाखान्याला फोन करायला तोच माणूस जवळचा आहे.

बँकेचा भाग लोक सर्वांत सोपा समजतात आणि नेमके तिथेच पैसे अडकतात. खात्याला आधार जोडणे आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात यावेत यासाठी आधार जोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे बँकेने तुमची ओळख पटवणे. दुसरीत तुमचा आधार क्रमांक आणि एक ठरावीक बँक यांची जोडी देशपातळीवरच्या यादीत लागते. ही जोडी एका वेळी एकाच बँकेशी असते, सगळ्यांत शेवटी जिथे संमती दिली तिथे. बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खाते काढताना कुठेतरी सही केली असेल, तर पैसे तिकडे जातात आणि माणूस जुने पासबुक घेऊन फेऱ्या मारत राहतो. बँकेत जाऊन “थेट लाभासाठी माझे आधार कोणत्या बँकेला जोडले आहे?” असे नेमके विचारावे. आधारच्या संकेतस्थळावरही ते बघता येते, मात्र त्यासाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला लागतो.

आक्कांचे खाते दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्याने निष्क्रिय झाले होते. फोटो, आधार आणि अर्ज देऊन ते सुरू केले, शंभर रुपये भरून एक व्यवहार केला. आधार कार्डावर नवऱ्याचे नाव मधे होते, पासबुकावर माहेरचे. ते एकसारखे करायला आणखी दोन खेपा झाल्या. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोडही तपासून घेतला. २०१९ आणि २०२० मध्ये काही सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या, त्यांचे जुने कोड अजून लोकांच्या पासबुकांवर छापलेले आहेत. डेअरीला तो दिला तर बिलच परत जाते.

या सगळ्याला चार महिने गेले. जुलैचे १,०८५ रुपये मिळाले नाहीत आणि मिळणारही नाहीत. ती यादी त्या वेळच्या कोडवर होती, मागच्या तारखेने नाव बदलत नाही. आक्कांना ते आम्ही पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पण बिल्ल्याची नोंद फक्त अनुदानापुरती नाही. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यात बिल्ला नसलेले जनावर दगावले तर भरपाई देय नाही, असेही शासनाने ठरवले. आमच्या वाड्या बिबट्याच्या वाटेवर आहेत. हल्ला झाला तर मृत जनावर न हलवता ४८ तासांत वनविभागाला कळवायचे असते. पंचनाम्यात पहिला प्रश्न बिल्ल्याचा येतो आणि दुसरा मालकाच्या नावाचा.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या वाडीवरच्या अकरा घरांच्या नोंदी आम्ही एकेक करून तपासतो आहोत. चार घरांची तिन्ही नावे जुळली आहेत. तीन घरांत बिल्ले जुन्या मालकांच्या नावावर आहेत आणि दोघांकडे बाजाराची पावती नाही, त्यामुळे विकणाऱ्याला शोधून काढावे लागेल. उरलेल्या चार घरांत दूध अजून दुसऱ्याच्या कोडवर जाते. त्यातल्या दोघींनी अर्ज केले आहेत. पोच आमच्या वहीत चिकटवलेली आहे, आणि तीन महिने केव्हा पुरे होतात ती तारीख त्यांनी स्वतः दिनदर्शिकेवर लाल पेनने गोल करून ठेवली आहे.